राखून ठेवलेला नफा खरोखर फुकट असतो का? चाचणीतील एका प्रश्नाचे उत्तर तपासून हवे आहे

नीलिमा_सातारा

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात बारावी वाणिज्य शाखेला चिटणीसाची कार्यपद्धती हा विषय शिकवते. वित्तपुरवठ्याच्या प्रकरणावर मी मागील आठवड्यात वीस प्रश्नांची बहुपर्यायी चाचणी घेतली. तिच्यातील सातव्या प्रश्नावरून वर्गात जो वाद झाला, तो माझ्याच्याने मिटलेला नाही, म्हणून इथे मांडते.

प्रश्न असा होता: "खालीलपैकी दीर्घकालीन वित्तपुरवठ्याचा सर्वांत स्वस्त स्रोत कोणता? (अ) समभाग (आ) अग्रहक्क भाग (इ) कर्जरोखे (ई) राखून ठेवलेला नफा." माझ्या उत्तरसूचीत "ई" होते. राखून ठेवलेल्या नफ्यावर व्याज द्यावे लागत नाही, लाभांश द्यावा लागत नाही आणि विक्रीचा खर्चही येत नाही, असे मी वर्षानुवर्षे शिकवत आले आहे. परंतु एका विद्यार्थ्याने "इ" लिहिले आणि गुण कापल्यावर तो वही घेऊन माझ्याकडे आला. त्याचा मोठा भाऊ सी.ए.चा अभ्यास करतो आणि भावाच्या पुस्तकात कर्जरोख्यांचा खर्च सर्वांत कमी, तर राखलेल्या नफ्याचा खर्च जवळजवळ समभागांएवढा दाखवला आहे. दोन्ही पुस्तके अभ्यासक्रमाला लावलेली असताना एकाच प्रश्नाची दोन उत्तरे कशी येतात, हे मला त्या मुलाला प्रामाणिकपणे सांगायचे आहे.

अभ्यासू_रोहन

ताई, त्या मुलाचे उत्तर बरोबर आहे आणि तुम्ही त्याचा गुण परत द्यावा. मी नेटच्या परीक्षेची तयारी करतो. तिथे हा क्रम पाठच असावा लागतो: सर्वांत स्वस्त कर्जरोखे, त्यानंतर अग्रहक्क भाग, त्यानंतर राखलेला नफा आणि सर्वांत महाग नवे समभाग. कर्जरोखे नेहमीच सर्वांत स्वस्त असतात, कारण त्यांच्यावरील व्याज करपात्र नफ्यातून वजा होते.

निवृत्त_बँकर

मी बँकेत तेहतीस वर्षे काढली आणि त्यांतील बराच काळ कंपन्यांचे कर्जप्रस्ताव तपासण्यात गेला. माझ्यासमोर आलेल्या कोणत्याही उद्योजकाने राखलेल्या नफ्यावर खर्च दाखवला नाही. घरातील पैसा घरात वापरला, तर त्याला खर्च कसला? नीलिमाताईंची उत्तरसूची योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेबनीस

मी पुण्यात सनदी लेखापाल म्हणून काम करते. वरील दोन्ही प्रतिसादांत अर्धे सत्य आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी कर्जरोखे आणि अग्रहक्क भाग यांची तुलना करू, कारण तिथे मतभेदाला फारशी जागा नाही. एका कंपनीला एक कोटी रुपये हवे आहेत आणि व्याज व कर यांपूर्वीचा तिचा नफा वीस लाख आहे, असे धरा. सवलतीचा दर स्वीकारलेल्या देशी कंपनीला अधिभार व उपकर धरून 25.168 टक्के कर पडतो. तिने 9 टक्क्यांचे कर्जरोखे काढले, तर वीस लाखांतून नऊ लाख व्याज आधी वजा होते, उरलेल्या अकरा लाखांवर सुमारे 2.77 लाख कर लागतो आणि समभागधारकांसाठी सुमारे 8.23 लाख उरतात. तिने 9 टक्क्यांचेच अग्रहक्क भाग काढले, तर संपूर्ण वीस लाखांवर सुमारे 5.03 लाख कर लागतो, मग नऊ लाखांचा लाभांश जातो आणि सुमारे 5.97 लाख उरतात. दर तोच, रक्कम तीच, तरीही फरक 2.26 लाखांचा पडतो. लाभांश हे नफ्याचे वाटप असते आणि व्याज हा नफा ठरण्यापूर्वीचा खर्च असतो, एवढेच या फरकाचे कारण आहे. दुसऱ्या शब्दांत, कर्जरोख्यांचा करोत्तर खर्च 6.73 टक्के पडतो आणि अग्रहक्क भागांचा 9 टक्केच राहतो.

मात्र रोहन, तुमच्या वाक्यातील "नेहमीच" हा शब्द काढायला हवा. कंपनी तोट्यात असेल, तर वजावट घेण्यासाठी नफाच नसतो. तोटा पुढील आठ वर्षांपर्यंत ओढता येतो हे खरे, पण यंदाच्या नऊ लाखांच्या व्याजावर यंदा एक रुपयाही कर वाचत नाही. त्या वर्षी तिच्या कर्जरोख्यांचा खर्च 9 टक्केच असतो आणि तो रोखीने द्यावाच लागतो. अशा वेळी अग्रहक्क भागांवरील लाभांश थांबवता येतो. संचयी प्रकारात तो साठत जातो, पण लाभांश थकला म्हणून कोणी कंपनीला थकबाकीदार ठरवत नाही.

कृष्णाकाठ

मी शेतकरी आहे आणि सहकारी साखर कारखान्याचा सभासद आहे. माझ्या वडिलांनी घेतलेला भाग अजून आमच्याकडे आहे आणि गेल्या कित्येक वर्षांत त्यावर लाभांश मिळालेला नाही. मग कारखान्याच्या दृष्टीने भागांचे पैसे सर्वांत स्वस्त ठरत नाहीत का? चार पर्यायांत मी "अ" वर खूण केली असती. शिवाय आमच्या ऊसबिलातून टनामागे ठरावीक रक्कम बिनपरतीची ठेव म्हणून कापली जात असे. त्या पैशांवर व्याज नाही, लाभांश नाही आणि ते परतही मिळत नाहीत. त्यापेक्षा स्वस्त पैसा कोणता असू शकतो?

मेधा_कोथरूड

कृष्णाकाठ, धागा कंपनीच्या समभागांबद्दल आहे. सहकारी संस्थेत एका सभासदाला एकच मत असते, मग त्याच्याकडे कितीही भाग असोत. ते भाग बाजारात खरेदी-विक्रीला नसतात. त्यामुळे तुमचे उदाहरण इथे लागू पडत नाही.

हिशेबनीस

मेधाताई, कायद्याच्या दृष्टीने तुमचे म्हणणे योग्य आहे, परंतु कृष्णाकाठ यांनी नकळत धाग्याच्या मुळावरच बोट ठेवले आहे. बिनपरतीच्या ठेवीचे उदाहरण मी आता वर्गात वापरणार आहे.

ऊसबिलातून टनामागे पन्नास रुपये कापले गेले, असे धरा. कारखान्याच्या वहीत त्या पन्नास रुपयांवर कोणताही खर्च दिसत नाही. पण ते पन्नास रुपये शेतकऱ्याच्या हातात आले असते, तर त्याने सोसायटीचे कर्ज फेडले असते, ठिबक बसवले असते किंवा बँकेत ठेवले असते. जे मिळाले असते आणि मिळाले नाही, तो खर्च शेतकऱ्याने सोसला. कारखान्याच्या वहीत तो दिसत नाही, म्हणून तो नव्हता असे होत नाही.

कंपनीने राखलेला नफा नेमका असाच असतो. तो नफा समभागधारकांचा आहे. संचालकांनी तो वाटला नाही, म्हणजे भागधारकांच्या वतीने पुन्हा गुंतवला. भागधारकाला तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या कंपनीत 12 टक्के मिळाले असते आणि या कंपनीने त्या पैशांवर 7 टक्केच कमावले, तर त्याचे नुकसान झाले. म्हणून वित्तशास्त्रात राखलेल्या नफ्याचा खर्च समभागांच्या अपेक्षित परताव्याएवढा धरतात.

आकड्यांत सांगायचे, तर समभागाचा बाजारभाव 100 रुपये आहे, पुढील वर्षी 6 रुपये लाभांश अपेक्षित आहे आणि तो दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढेल असा अंदाज आहे. भागधारकाची अपेक्षा 6 अधिक 6, म्हणजे 12 टक्के झाली. राखलेल्या नफ्याचा खर्च तोच. नवे समभाग विकायचे असतील, तर विक्रीखर्च जाऊन कंपनीच्या हाती समजा 95 रुपये पडतात. त्यामुळे तोच खर्च सुमारे 12.3 टक्क्यांवर जातो. राखलेला नफा नव्या समभागांपेक्षा स्वस्त असतो, तो एवढ्याच फरकाने.

निवृत्त_बँकर

मॅडम, तुमचे गणित मला पटते आहे, पण एक शंका राहते. हा 12 टक्के खर्च कोणत्याही ताळेबंदात किंवा नफा-तोटा पत्रकात छापला जात नाही. जो खर्च कोणाला द्यावा लागत नाही, तो खर्च बारावीच्या मुलाने खर्च का मानावा?

हिशेबनीस

कारण पुढच्या प्रकल्पाचा निर्णय त्याच आकड्यावर ठरतो. आपला पैसा फुकट आहे असे मानणारी कंपनी 4 टक्के देणाऱ्या यंत्रालाही होकार देते. बँकेकडून 9 टक्क्यांनी कर्ज घेऊन तेच यंत्र घ्यायचे असते, तर तिने दहा वेळा विचार केला असता. तुमच्या टेबलावर आलेल्या प्रस्तावांत प्रवर्तकांचा हिस्सा राखीव निधीतून दाखवलेला असायचा, तेव्हा त्या हिश्श्यावर किती परतावा मिळतो हेही आपण पाहत होताच ना?

निवृत्त_बँकर

होय, ते पाहत होतो. त्या अर्थाने आपण म्हणता ते योग्य आहे. तरीही "फुकट" आणि "सर्वांत स्वस्त" या शब्दांविषयी माझे पूर्ण समाधान झालेले नाही.

मेधा_कोथरूड

मी अकरावीला शिकवते आणि एनसीईआरटीचे अकरावीचे व्यवसाय अभ्यासाचे पुस्तक संदर्भाला ठेवते. त्यात राखलेल्या नफ्याच्या गुणांमध्ये असे म्हटले आहे की या स्रोतावर व्याज, लाभांश किंवा विक्रीखर्च या रूपात कोणताही उघड खर्च येत नाही. थोडे पुढे, त्याच स्रोताच्या मर्यादांमध्ये, या निधीचा संधिखर्च अनेक संस्था ओळखत नाहीत आणि त्यामुळे निधीचा योग्य वापर होत नाही, असेही दिले आहे. म्हणजे पुस्तकाने दोन्ही बाजू सांगितल्या आहेत. चाचण्या तयार करताना आपण पहिले वाक्य उचलतो, त्यातून "उघड" हा शब्द गाळतो आणि मर्यादांच्या परिच्छेदापर्यंत पोहोचतच नाही.

नीलिमा_सातारा

मेधाताई, मी आत्ताच माझी टिपणे काढून पाहिली. त्यांत मी स्वतः "खर्च नाही" असे लिहिले आहे, "उघड खर्च नाही" असे लिहिलेले नाही. चूक नेमकी कुठे झाली ते आता दिसले.

ताळेबंद

मूळ प्रश्नाशी जोडलेला आणखी एक मुद्दा मांडतो. आमचा कुटुंबाचा छोटा कारखाना आहे, खासगी मर्यादित कंपनी. चार वर्षांपूर्वी माझ्या मुलाने ताळेबंदातील "राखीव निधी व आधिक्य" या शीर्षकाखालचा 3 कोटी 80 लाखांचा आकडा पाहिला आणि नवे शेड त्यातूनच बांधू म्हणून हट्ट धरला. मी त्याला ताळेबंदाची दुसरी बाजू दाखवली. बँकेत आणि हातात मिळून 11 लाख होते. उरलेला नफा यंत्रांत, कच्च्या मालात आणि ग्राहकांकडील येण्यात कधीच जाऊन बसला होता. शेवटी शेडसाठी कर्ज काढावे लागले.

चाचण्यांत "राखलेला नफा कंपनीला तत्काळ उपलब्ध असतो" अशा विधानापुढे "बरोबर" हे उत्तर दिलेले असते. राखीव निधी म्हणजे तिजोरी नव्हे, ती मालकांच्या हक्काची नोंद आहे. यंदाच्या नफ्यातून यंदा येणारी रोख वापरता येते. मागील वीस वर्षांचा जमा आकडा वापरता येईलच असे नाही.

हिशेबनीस

ताळेबंद, हे फार चांगले सांगितलेत. याच कारणाने राखीव निधीतून दिलेल्या बोनस कर्जरोख्यांकडे मी विद्यार्थ्यांचे लक्ष वेधते. ब्रिटानियाने 2019 मध्ये आपल्या भागधारकांना प्रत्येक समभागामागे 30 रुपयांचा, 8 टक्के व्याजाचा एक कर्जरोखा बोनस म्हणून दिला. कर्जरोखे निघाले, पण कंपनीत नवा पैसा एक रुपयाही आला नाही, कारण राखलेल्या नफ्याचा काही भाग कर्जात बदलला गेला होता. "कर्जरोखे काढले म्हणजे निधी उभा राहिला" असे सरसकट विधान चाचणीत आले, तर तिथे थांबून विचार करावा.

अभ्यासू_रोहन

मी वर "नेहमीच" म्हणालो, ते मागे घेतो. पण मला दुसरी शंका आहे. काही पुस्तकांत राखलेल्या नफ्याचा खर्च काढताना भागधारकाचा वैयक्तिक कर वजा करतात. नफा वाटला असता, तर भागधारकाला त्यावर कर भरावा लागला असता आणि उरलेलेच पुन्हा गुंतवता आले असते, असा त्यामागचा विचार आहे. एप्रिल 2020 पासून लाभांशावरील कर पुन्हा भागधारकाच्या माथी आला आहे. मग 12 टक्क्यांऐवजी 30 टक्के कर वजा करून 8.4 टक्के धरावेत का?

हिशेबनीस

शंका रास्त आहे आणि माझ्याकडे तिचे निखळ उत्तर नाही. अडचण अशी की प्रत्येक भागधारकाचा कराचा टप्पा वेगळा असतो. प्रवर्तकाला तीस टक्क्यांहून अधिक कर लागत असेल आणि निवृत्त भागधारकाला काहीच लागत नसेल, तर कंपनीने कोणाचा दर धरायचा? म्हणून बहुतेक ठिकाणी वैयक्तिक कर बाजूला ठेवतात. प्रश्नात तो दिला असेल तर वापरावा, दिला नसेल तर वापरू नये.

कृष्णाकाठ

ऊसबिलाच्या कपातीचे स्पष्टीकरण वाचले. इतकी वर्षे हे कोणी असे समजावून सांगितले नव्हते. आता एक साधा प्रश्न विचारतो. "अग्रहक्क" म्हणजे पहिला हक्क ना? मग कंपनी बुडाली, तर अग्रहक्क भागधारकाला सर्वांत आधी पैसे मिळत असतील. असे असताना लोक कर्जरोखे कशासाठी घेतात?

मेधा_कोथरूड

हा गैरसमज माझ्या वर्गातही दर वर्षी होतो आणि तो या शब्दामुळेच होतो. अग्रहक्क हा केवळ समभागधारकांच्या तुलनेत आहे. कर्जरोखेधारक हे कंपनीचे धनको आहेत, तर अग्रहक्क भागधारक हे मालकांच्या रांगेतील पुढचे लोक आहेत, आणि धनकोंची रांग संपल्याशिवाय मालकांची रांग सुरू होत नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतील कलम 53 मध्ये जो क्रम दिला आहे, त्यात तारण असलेले धनको आणि कामगारांची देणी वरच्या पायऱ्यांवर आहेत. अग्रहक्क भागधारक शेवटून दुसऱ्या पायरीवर आहेत आणि समभागधारक सर्वांत शेवटी.

निवृत्त_बँकर

इथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो. निवृत्तीच्या पैशांतून मी एका वित्तीय कंपनीचे कर्जरोखे घेतले होते, आणि ते तारण असलेले आहेत म्हणून निर्धास्त होतो. कंपनीने व्याज थांबवले. प्रकरण न्यायाधिकरणात गेले आणि बऱ्याच कालावधीनंतर मुद्दलाचा काही भाग हाती आला. रांगेत पुढे असणे आणि पूर्ण पैसे मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तारण ठेवलेल्या मालमत्तेची किंमतच घसरली, तर पुढच्या क्रमांकाचाही फारसा उपयोग होत नाही. "कर्जरोखे सुरक्षित असतात" असे विधान चाचणीत आले, तर मुलांनी "कशाच्या तुलनेत" असे विचारायला हवे.

नीलिमा_सातारा

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आज मी वर्गात जाऊन त्या विद्यार्थ्याचा गुण परत दिला. ज्यांनी "ई" लिहिले होते त्यांचेही गुण कायम ठेवले, कारण संदिग्धता माझ्या प्रश्नात होती. सातव्या प्रश्नाऐवजी आता दोन प्रश्न केले आहेत.

पहिला: "व्याज, लाभांश किंवा विक्रीखर्च या रूपातील उघड खर्च कोणत्या स्रोतावर येत नाही?" उत्तर, राखलेला नफा.

दुसरा: "नियमित नफा मिळवणाऱ्या आणि कर भरणाऱ्या कंपनीसाठी, संधिखर्च विचारात घेता, सर्वांत कमी करोत्तर खर्च सामान्यतः कोणत्या स्रोताचा असतो?" उत्तर, कर्जरोखे.

यात आणखी काही त्रुटी राहिली असेल, तर कृपया सांगावी.

ताळेबंद

दुसऱ्या प्रश्नात मला एक त्रुटी दिसते. ज्या कंपनीवर आधीच भरपूर कर्ज आहे, तिने आणखी कर्जरोखे काढले तर नव्या कर्जरोख्यांना जास्त व्याज मागितले जाते आणि समभागधारकही जास्त परतावा अपेक्षितात. म्हणजे कर्जरोख्यांचा दिसणारा स्वस्तपणा समभागांच्या बाजूने वसूल होतो. प्रश्नात "मर्यादित कर्ज असलेल्या" हे शब्द घालावेत.

नीलिमा_सातारा

घालते. प्रश्न लांबतो आहे, पण मुले तो दोनदा वाचतील.

अभ्यासू_रोहन

माझ्यासारख्या परीक्षार्थींचा प्रश्न मात्र राहतो. प्रत्यक्ष परीक्षेत जुनाच प्रश्न, कोणत्याही अटीशिवाय, "सर्वांत स्वस्त स्रोत कोणता" एवढाच आला, तर काय लिहावे?

हिशेबनीस

आधी पर्याय वाचावेत. चारही पर्यायांत टक्केवारी किंवा कराचा दर दिला असेल, तर प्रश्न भांडवलाच्या खर्चाचा आहे. तिथे आकडेमोड करूनच उत्तर द्यावे, आणि ते बहुधा कर्जरोखे येते. आकडे नसतील आणि प्रश्न स्रोतांच्या गुणदोषांच्या प्रकरणातील असेल, तर प्रश्नकर्त्याच्या मनात राखलेला नफा असण्याची शक्यता अधिक असते. उत्तरसूची हरकतींसाठी खुली झाली, तर मात्र हरकत जरूर नोंदवावी आणि सोबत पुस्तकातील गुण आणि मर्यादा अशा दोन्ही परिच्छेदांची पाने जोडावीत.

निवृत्त_बँकर

मी अजूनही पहिल्याच प्रश्नाच्या बाजूने आहे, मॅडम. परंतु नातवाला शिकवताना दोन्ही प्रश्न एकाखाली एक लिहून देणार आहे.